फोटोतली मांजर मुक्या खांबांत उतरवताना

फोटोवरून चित्र विणायचं म्हटलं की बहुतेक जण आधी रंग निवडायला बसतात. मीही तेच केलं होतं. घरच्या केशरी बोक्याचा फोटो घेतला, चौकटीच्या वहीतल्या पानावर ८० बाय ८० घरांत त्याचं तोंड उतरवलं आणि तीन आठवडे विणत बसले. उशीचा अभ्रा पुरा झाला तेव्हा रुंदी बरोबर ४० सेंटिमीटर होती, उंची मात्र जेमतेम ३३. बोक्याच्या डोक्यावर कोणी पाट ठेवून बसल्यासारखं तोंड चपटं झालं होतं. टाके मोजण्यात चूक नव्हती, रंगही ठीक होते. चूक वहीत होती. वहीतलं घर चौरस असतं, क्रोशाचा मुका खांब चौरस नसतो.

म्हणून इथे सुरुवात टाक्यापासून करू. मग तक्ता, मग रंग आणि शेवटी ओळी मोजणं. उदाहरण सगळीकडे एकच: ४० सेंटिमीटर चौरस उशीवर केशरी बोक्याचं समोरून दिसणारं तोंड. पद्धत टेपेस्ट्री क्रोशाची, म्हणजे सगळं काम मुक्या खांबात, आणि ज्या रंगाचं काम चालू नाही तो धागा टाक्यांच्या पोटातून सोबत न्यायचा. साखळी आणि मुका खांब येतो एवढं मी गृहीत धरते.

आधी नमुन्याचा तुकडा

दोसुतीवर भरतकाम केलेल्यांना हा टप्पा वेळखाऊ वाटेल, कारण तिथे कापडाची वीणच चौरस असते आणि छापील नमुना जसाच्या तसा उतरतो. प्लास्टिकचे मणी खुंट्यांच्या पाटीवर लावून इस्त्रीने जोडतात, तिथेही घर चौरस. मुका खांब बहुतेकांच्या हातात उंचीपेक्षा थोडा रुंद येतो. किती रुंद, ते तुमचा हात, सुई आणि सूत यांच्यावर ठरतं, म्हणून माझा आकडा तुम्हाला उपयोगाचा नाही. तुमचा तुम्हीच काढायचा.

ज्या सुताने उशी करणार त्याच सुताचा ३० टाके रुंद आणि ३० ओळी उंच तुकडा विणा. त्यात दुसऱ्या रंगाचा धागा पोटातून न्यायला विसरू नका. तो धागा टाक्याला आतून फुगवतो. त्याच्याशिवाय विणलेला तुकडा वेगळंच माप देतो, आणि ते कळतं तेव्हा अर्धी उशी झालेली असते. तुकडा थोडा ओलसर करून, न ताणता सपाट वाळवा आणि मधल्या भागात पट्टी ठेवून १० सेंटिमीटरात किती टाके आणि किती ओळी बसतात ते मोजा. कडेचे टाके नेहमी थोडे वाकडे असतात, ते मापात घेऊ नका.

माझ्याकडे मध्यम जाडीचं सुती सूत आणि ३.५ मिलिमीटरची सुई होती. १० सेंटिमीटरात २० टाके आणि २४ ओळी आल्या. म्हणजे ४० सेंटिमीटरला ८० टाके आणि ९६ ओळी. पहिल्या उशीत मी ८० ओळींवर थांबले होते. २४ ओळींना १० सेंटिमीटर, तर ८० ओळींना ३३. चपट्या बोक्याचा हिशेब एवढाच.

तुकडा फेकू नका. तो स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवा. माझा तुकडा १५ बाय १२.५ सेंटिमीटरचा होता आणि वजन १७ ग्रॅम भरलं. उशीचं क्षेत्रफळ त्याच्या साधारण साडेआठ पट, म्हणजे पुढच्या बाजूला १४५ ग्रॅमच्या आसपास सूत लागणार. पोटातून जाणाऱ्या धाग्याचं वजनही यात आपोआप आलं, कारण तो तुकड्यात होताच.

तक्ता किती घरांचा हवा

उशीचं माप आणि टाक्याचं माप ठरलं की घरांची संख्या ठरते, हे खरं. पण तेवढ्या घरांत चेहरा ओळखू येईल का, हा प्रश्न वेगळा आहे, आणि तो सूत विकत घ्यायच्या आधी सोडवायचा. फोटोत जी सर्वांत लहान गोष्ट दिसायलाच हवी, ती शोधा. बोक्याच्या बाबतीत ती म्हणजे डोळ्यातली उभी बाहुली.

फोटो चौरस कापून घेतल्यावर माझा १६०० पिक्सेल रुंद उरला. एक डोळा त्यात सुमारे १२० पिक्सेल रुंद आणि बाहुली ३० पिक्सेल. ८० टाक्यांत १६०० पिक्सेल, म्हणजे एका टाक्याला २०. डोळ्याला ६ टाके मिळाले, बाहुलीला दीड. दीड टाका विणता येत नाही, म्हणून बाहुली हाताने २ टाक्यांची करायची. हे जमतं. पण हेच चित्र ४० टाक्यांच्या छोट्या पाकिटावर घेतलं असतं तर डोळा ३ टाके आणि बाहुली पाऊण, म्हणजे तिथे बोका आंधळा झाला असता. अशा वेळी तीन वाटा असतात: बारीक सूत आणि बारीक सुई घ्यायची, वस्तू मोठी करायची, किंवा फोटो आणखी जवळून कापायचा. मी बहुधा तिसरी निवडते. कानांची टोकं चौकटीबाहेर गेली तरी बोका बोकाच राहतो.

माझा एक ठोकताळा आहे: महत्त्वाची कोणतीही गोष्ट दोन टाक्यांहून अरुंद ठेवायची नाही. मुक्या खांबांच्या एकावर एक ओळी नेमक्या एकाच रेषेत बसत नाहीत, त्या किंचित इकडेतिकडे सरकतात. त्यामुळे एका टाक्याची उभी रेघ तुटक दिसते आणि एकटा ठिपका लांबून घाणीसारखा दिसतो. मिशा तर विणूच नका. त्या शेवटी सुईदोऱ्याने वरून घालाव्यात.

माणसाचा चेहरा करायचा असेल तर ८० टाके सहसा कमी पडतात. ओठांचा कोपरा एक टाका सरकला तरी आजी हसरी होते किंवा रुसते. पहिलं काम मांजर, पान, फूल किंवा बाजूने दिसणाऱ्या आकृतीचं असावं.

संगणकावर तक्ता

यासाठी मी `GIMP` वापरते, तो फुकट मिळतो. फोटो चौरस कापल्यावर `Image > Scale Image` उघडा, रुंदी आणि उंची यांच्यामधली साखळी क्लिक करून सोडवा आणि रुंदी ८०, उंची ९६ लिहा. पडद्यावर बोका आता उभा ताणल्यासारखा दिसेल. घाबरू नका, चौरस पिक्सेलांत तो तसाच दिसणार. मग `Image > Mode > Indexed` मध्ये `Maximum number of colors` ला ४ लिहा आणि `Color dithering` ला `None` ठेवा. ही शेवटची गोष्ट चुकली तर रंगाच्या कडेला एकाआड एक घरांची शिंपण होते. ती छापील चित्रात छान दिसते, पण विणायला प्रत्येक टाक्याला रंग बदलावा लागतो.

आता चित्र परत मोठं करायचं, पण टाक्याच्या खऱ्या आकारात. पुन्हा `Scale Image`, रुंदी १९२०, उंचीही १९२०, आणि `Interpolation` ला `None`. प्रत्येक घर २४ रुंद आणि २० उंच होईल, म्हणजे माझ्या २०:२४ मापाच्या टाक्यासारखंच. बोका पडद्यावर परत गोल तोंडाचा होतो, आणि उशी तयार झाल्यावर कशी दिसेल ते इथेच कळतं. रेघा हव्या असतील तर आधी `Image > Mode > RGB` करून `Filters > Render > Pattern > Grid` मध्ये तेच २४ आणि २० द्या.

मात्र चित्र मोठं करायच्या आधीच लहान, ८० बाय ९६ च्या प्रतीवर एक पिक्सेलाची पेन्सिल घेऊन अर्धा तास बसा. तक्ता खरा इथे होतो. एकटी पडलेली घरं शेजारच्या रंगाने भरून टाका, बाहुली सलग दोन घरांची करा, नाकाची कड गुळगुळीत करा. यंत्राला डोळा आणि पाठीमागची सावली यांतला फरक कळत नाही. माझ्या फोटोत एका कानाची आतली बाजू त्याने पार्श्वभूमीच्या रंगात ढकलली होती. कानाला भोक पडल्यासारखं दिसत होतं.

संगणक नसेल तर फोटोची मोठी प्रत काढून तिच्यावर पट्टीने २४:२० अशा प्रमाणातली आडवी घरं आखा आणि प्रत्येक घरात जो रंग जास्त दिसतो तो भरा. ८० टाक्यांच्या कामाला हे करायला दोन संध्याकाळी लागतात.

चार रंग, आणि त्यांची उजळ-गडद जोडी

बोक्याला मी चार रंग ठरवले: केशरी, सायीचा, कॉफी आणि पार्श्वभूमीला हिरवा. फोटोत तो हिरव्या ताडपत्रीवर बसलेला होता, म्हणून दुकानात तसाच पानासारखा हिरवा घेतला. हातात धरल्यावर केशरी आणि हिरवा एकमेकांपासून चांगले वेगळे दिसत होते. विणून भिंतीला टेकवून ठेवल्यावर, खोलीच्या दुसऱ्या टोकाकडून मात्र कानांची कडच सापडेना. दोन्ही रंग वेगळे होते, पण उजळपणा जवळजवळ सारखा. लांबून पाहताना आपण आकार ओळखतो तो मुख्यतः उजेड-अंधाराच्या फरकावरून. रंगाचं नाव नंतर येतं.

याची परीक्षा सोपी आहे. सुताचे गुंडे शेजारी शेजारी ठेवा, मोबाइलवर फोटो काढा आणि तो कृष्णधवल करून पाहा. ज्या दोन रंगांची कड चित्रात महत्त्वाची आहे ते दोन गुंडे कृष्णधवल फोटोत एकसारखे राखाडी दिसले तर त्यांतला एक बदला. मी पानाचा हिरवा परत देऊन बाटलीचा गडद हिरवा आणला आणि कान जागेवर आले. पण आता नवीन पेच: कॉफी आणि बाटली-हिरवा दोन्ही गडद. ते चाललं, कारण बोक्याच्या चेहऱ्यावर हे दोन रंग कुठेच एकमेकांना लागत नाहीत. सगळे रंग सगळ्यांपासून वेगळे असायलाच हवेत असं नाही, शेजारी वेगळे हवेत.

गुंडे दुकानाच्या ट्यूबलाइटखाली निवडू नका, दाराशी नेऊन उजेडात पाहा. एका रंगाचे सगळे गुंडे एकाच लॉट नंबरचे घ्या. नंबर लेबलवर असतो. पार्श्वभूमीत दुसऱ्या लॉटचा गुंडा आला तर त्या ओळीपासून आडवा पट्टा दिसतो, आणि तो धुऊनही जात नाही. माझ्या चित्रात निम्मी जागा हिरव्याची होती, म्हणजे ७२ ग्रॅमच्या आसपास. ५० ग्रॅमचे दोन गुंडे हिरवा, दोन केशरी आणि बाकीचे एकेक, एवढ्यात काम झालं.

धागा पोटातून नेण्याचा खर्च इथेच समजून घ्या. एखादा रंग फक्त डोळ्यांत असला तरी तो प्रत्येक ओळीत कडेपासून कडेपर्यंत नेला तर ४० सेंटिमीटर गुणिले ९६ ओळी, म्हणजे ३८ मीटरहून जास्त सूत न दिसता आत जातं. शिवाय कापड कडक होतं. म्हणून मी केशरी आणि हिरवा हे दोनच रंग कडेपासून कडेपर्यंत नेते. जिथे नुसता हिरवा आहे अशा वरच्या-खालच्या ओळींतही आत एक धागा ठेवतेच, नाहीतर तिथली जाडी आणि रुंदी बदलते. सायीचा आणि कॉफी यांच्या पुठ्ठ्यावर छोट्या गुंडाळ्या करून त्या फक्त तोंडाच्या भागात वापरते. त्या भागाच्या शेवटी हा धागा दोन टाके पुढे नेऊन कापडाच्या उलट्या बाजूला लोंबता सोडायचा. पुढची ओळ उलट दिशेने येते, तेव्हा तो आपल्याला नेमका वाटेतच भेटतो. दोन टाके पुढे अशासाठी, की वरच्या ओळीत डोळा एखाद्या टाक्याने रुंद झाला तरी धागा पुरतो.

गडद धागा उजळ टाक्याच्या पोटातून गेला तर थोडा डोकावतो. पूर्ण लपत नाही, ते मान्य करा. फार डोकावत असेल तर सुई अर्ध्या मिलिमीटरने बारीक घ्या, आणि दर आठ-दहा टाक्यांनी आतला धागा हलकेच ओढून कापड पुन्हा सपाट करा. जोरात ओढला तर ओळ आखडते आणि उशी मध्येच कमरेसारखी बारीक होते.

ओळ वाचणं आणि मोजणं

८१ साखळ्या घाला आणि सुईपासून दुसऱ्या साखळीत पहिला मुका खांब. ओळीच्या शेवटी ८० टाके. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला वळायची एक साखळी घालायची, ती टाका म्हणून मोजायची नाही. नवीन लोकांचे टाके बहुधा इथेच हरवतात: वळल्यावर पहिला टाका सुटतो किंवा ओळीचा शेवटचा टाका साखळीत लपतो. पहिल्या आणि शेवटच्या टाक्यात सेफ्टी पिन अडकवली आणि दर ओळीला वर सरकवली, तर हे टळतं.

तक्ता खालून वर वाचायचा. उजव्या हाताने विणणाऱ्यांनी विषम ओळी उजवीकडून डावीकडे आणि सम ओळी डावीकडून उजवीकडे. डावखुऱ्यांचं उलट. सम ओळीत कापडाची उलटी बाजू तुमच्याकडे असते, म्हणून दिशा बदलते. हे विसरलात तर चित्राची कड प्रत्येक ओळीला दातेरी होते.

ओळ डोळ्याने वाचण्यापेक्षा मी आधी आकड्यांत लिहून ठेवते. डोळ्यांच्या मधली, ५७ वी ओळ अशी होती:

हि १५, के १२, सा २, कॉ २, सा २, के १४, सा २, कॉ २, सा २, के १०, हि १७

बेरीज ८०. प्रत्येक ओळ लिहिल्यावर बेरीज करा. ७९ किंवा ८१ आली तर चूक कागदावरच सापडते. ५८ वी ओळही तक्त्यात तशीच होती, पण ती हि १७, के १०, सा २ अशी दुसऱ्या टोकापासून सुरू होते. बोक्याने मान किंचित कलती धरली होती, म्हणून दोन्ही टोकांचे आकडे वेगळे. अगदी समोरून काढलेला, दोन्ही बाजू सारख्या असलेला चेहरा इथे दगा देतो. उलटसुलट वाचलं तरी बराच वेळ काही बिघडल्यासारखं दिसत नाही आणि चूक दहा ओळींनी उघडी पडते.

रंग बदलताना नवीन रंग आधीच्या टाक्याच्या शेवटच्या ओढीत घ्यायचा. म्हणजे १५ व्या हिरव्या टाक्याचे सुईवरचे शेवटचे दोन फास केशरी धाग्याने काढायचे. पूर्ण हिरवा टाका संपवून मग केशरी घेतलात तर पहिल्या केशरी टाक्याचा माथा हिरवा राहतो आणि कड अर्ध्या टाक्याने पुढे सरकल्यासारखी दिसते.

कितव्या ओळीवर आहोत ते विसरायला फोनची एक घंटी पुरते. दोन खुणा कापडातच असतात. उलटसुलट विणलेल्या मुक्या खांबात दर दोन ओळींना एक आडवा उंचवटा दिसतो. उंचवटे मोजा आणि दुप्पट करा. ९६ ओळींना ४८ उंचवटे. मी दर दहाव्या ओळीच्या कडेला वेगळ्या रंगाच्या दोऱ्याचा तुकडा बांधते, म्हणजे मोजायचे ते फक्त त्याच्या वरचे. दुसरी खूण सुरुवातीच्या साखळीचं शेपूट. उजव्या हाताने विणताना ते खाली डाव्या कोपऱ्यात असेल तर चालू ओळ विषम, उजव्या कोपऱ्यात असेल तर सम. कागद काही म्हणत असला तरी शेपटाचं ऐका.

गोल विणून पिशवी करायची असेल तर सगळ्या ओळी एकाच दिशेने वाचता येतात, पण तिथे टाके दर फेरीला थोडे कलतात आणि चेहरा वर जाता जाता तिरका होतो. नक्षीला ते चालतं, बोक्याला नाही.

चूक उशिरा दिसली तर आधी ती कोणत्या जातीची आहे ते पाहा. एका-दोन घरांचा रंग चुकला असेल तर उसवू नका. त्याच टाक्यावरून योग्य रंगाचा धागा जाड शिवणाच्या सुईने टाक्याच्या आकारात फिरवा, तीन-चार हातांवरून कुणाला कळणार नाही. टाक्यांची संख्या चुकली असेल, म्हणजे ओळ ७९ ची झाली असेल, तर त्या ओळीपर्यंत उसवावंच लागतं, कारण तिच्यावरची प्रत्येक ओळ एका घराने सरकलेली असते. उसवताना दोन्ही रंगांचे धागे एकदम ओढू नका, ते एकमेकांत अडकतात. पोटातला धागा आधी मोकळा करा, मग विणलेला ओढा.